‘बरं, पण त्या दिवशी तू काय केलंस?’

एफवायला असताना फेस्टच्या इंटरव्ह्यूसाठी कॉरिडॉरमध्ये घाम पुसत उभे होतात, आठवतंय? आता तुम्ही टीवायला आहात आणि टेबलाच्या अलीकडे बसणार आहात. बाहेर पंचेचाळीस जण उभे आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटं म्हटलं तरी साडेसात तास होतात, आणि वर्ग तर पाच वाजता रिकामा करून द्यायचाय. प्रश्न काढलेत, गुणांची शीट छापून आणलीय. पण समोरचा माणूस तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं बोलायला लागला की काय करायचं, हे कुणीच सांगून ठेवलेलं नसतं.

मलाही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी हॉस्पिटॅलिटी टीमच्या पॅनेलवर होते. आमचा प्रश्न होता, ‘ऐनवेळी काही बिघडलं आणि तू ते सांभाळलंस, असा एक प्रसंग सांग.’ एका मुलीने सोसायटीच्या गणपतीपासून सुरुवात केली. मंडळ किती जुनं, काका अध्यक्ष कसे झाले, यंदाची आरास कुणी केली... तीन मिनिटं झाली तरी मुद्दा काही येईना. मी म्हटलं, ‘अगं, पॉइंटवर ये ना.’ ती ‘सॉरी ताई’ म्हणाली आणि दोन वाक्यांत उत्तर संपवून टाकलं. आम्ही तिला दहापैकी चार दिले. तिच्यानंतर आलेल्या मुलाने टीमवर्क, टाइम मॅनेजमेंट, पॉझिटिव्ह अॅटिट्यूड असं न अडखळता म्हणून दाखवलं. त्याला आठ.

फेस्टच्या सकाळी पाहुण्या परीक्षकांना आणायला जाणारी गाडी बंद पडली. आमचा आठ गुणांचा गडी गेटवर उभा राहून ‘आता काय करायचं?’ एवढंच विचारत होता. पुढे कधीतरी कॅन्टीनमध्ये ती मुलगी भेटली, तेव्हा तिची गोष्ट पूर्ण ऐकली. विसर्जनाच्या दिवशी ठरवलेला टेम्पो आलाच नव्हता. तिने पंचवीस मिनिटांत शेजारच्या मंडळाचा ट्रॅक्टर मिळवला होता. मी तिला तोडलं, तिथून ही गोष्ट जेमतेम चार वाक्यं लांब होती.

म्हणून आधी हे ओळखा, की भरकटणारा आणि पाठ करून आलेला हे दोन वेगळे लोक आहेत. भरकटणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर असतं, फक्त ते फापटपसाऱ्यात दडलेलं असतं. पाठांतरवाल्याकडे उत्तर तयार असतं, पण ते दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं असतं. पहिल्याला वाट दाखवायची असते आणि दुसऱ्याला वाटेवरून खाली उतरवायचं असतं. ‘पॉइंटवर ये’ दोघांनाही लागू पडत नाही, कारण पॉइंट कोणता हे त्यात कुठेच सांगितलेलं नसतं.

निम्मं काम पहिल्या प्रश्नाच्या आधीच होतं. उमेदवार बसला की सांगून टाका, ‘आपल्याकडे दहा मिनिटं आणि चार प्रश्न आहेत. मधेच मी तुला थांबवलं तर तू चुकलास असं समजू नकोस, सगळे प्रश्न पुरे व्हावेत म्हणून थांबवतेय.’ हे प्रत्येकाला सांगायचं, अगदी त्याच शब्दांत. मग थांबवणं हा अपमान राहत नाही, आधीच ठरलेला नियम होतो.

आता भरकटणारा. तुमची पहिली चूक बहुधा ‘हं... हं...’ ही असेल. मान डोलावत हुंकार देणं म्हणजे ‘पुढे बोल’ असंच समोरच्याला कळतं. तेव्हा गाडी रुळावरून घसरतेय असं वाटलं की हुंकार थांबवा, पेन खाली ठेवा, किंचित पुढे झुका. काही जण एवढ्यानेच आवरतात. नाहीच आवरले तर वाक्याच्या मध्ये न तोडता श्वासाची जागा गाठा आणि नाव घ्या. आपलं नाव ऐकलं की माणूस क्षणभर थांबतोच. त्या क्षणात त्याच्याच बोलण्यातलं काहीतरी उचला आणि त्यावर लहान, नेमका प्रश्न विचारा.

त्या गणपतीच्या मुलीला मी आज असं विचारेन: ‘एक मिनिट, विसर्जनाचं म्हणालीस ना, टेम्पो किती वाजता येणार होता?’ याचं उत्तर एका शब्दाचं आहे. ‘चारला.’ बोलणं थांबलं, सूत्रं तुमच्या हातात आली आणि तिला वाईटही वाटलं नाही, कारण तिचीच गोष्ट पुढे चाललीय. आता लगेच मोठा प्रश्न परत ठेवा: ‘आणि चारला तो आला नाही. तिथून पुढे तू काय केलंस, तेवढंच सांग.’ मंडळाचा इतिहास, काका, आरास सगळं आपोआप मागे पडतं. आधी लहान प्रश्नाने थांबवायचं, मग मोठ्या प्रश्नाने दिशा द्यायची. हा क्रम उलटा केलात तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

पाठांतरवाला ओळखायला थोडे कान लागतात. बोलण्याचा वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. एरवी आठवून बोलणारा माणूस कुठेतरी अडखळतो, ‘नाही नाही, त्याच्या आदल्या दिवशी’ असं स्वतःला दुरुस्त करतो. पाठ केलेल्या उत्तरात जागा, वेळ, माणसं नसतात. क्रियापदं वर्तमानकाळी असतात: ‘मी शांत राहते’, ‘आम्ही एकत्र काम करतो’. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे मध्ये काही विचारलं की तो ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हणतो, शाळेत कविता म्हणताना आपण मागच्या ओळीपासून धरायचो तसं.

यावर उपाय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी वैमानिकांकडून मोघम मतं घेण्याऐवजी प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करण्यावर भर दिला. नेमकं काय घडलं, कुणी काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. ही पद्धत त्यांनी 1954 मध्ये लेख लिहून सविस्तर मांडली. आज कंपन्यांच्या इंटरव्ह्यूत ‘असा एखादा प्रसंग सांगा’ म्हणतात, ते याच धाग्यातलं आहे. मतं पाठ करता येतात. प्रसंगही पाठ करता येतो म्हणा, प्लेसमेंटच्या वर्गात तेही घोटून घेतात. पण त्या प्रसंगाला फुटणारे फाटे कुणी पाठ करून येत नाही.

गेल्या वर्षीचं उदाहरण सांगते. एफवायचा एक मुलगा आला. प्रश्न तोच. त्याने इंग्रजीत सुरुवात केली, कम्युनिकेशन इज द की वगैरे. आम्ही अर्धा मिनिट बोलू दिलं. एवढं मुद्दाम द्यावं, कारण तयार केलेलं थोडं तरी म्हणून झालं की धडधड कमी होते. मग शेजारचा सीनियर म्हणाला, ‘छान. आता एकच प्रसंग सांग. कॉलेजचाच पाहिजे असं नाही, घरचा, गावचा कुठलाही चालेल.’ त्याने पुन्हा ‘कम्युनिकेशन इज’पासून धरलं. सीनियरने ते वाक्य संपू दिलं आणि म्हणाला, ‘मराठीत सांगितलंस तरी चालेल, गुण तेवढेच आहेत. ज्याच्यावर काम अवलंबून होतं तो आलाच नाही, असं शेवटचं कधी झालं? घाई नाही, विचार कर.’ आणि आम्ही तिघंही गप्प बसलो.

हे गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, खरं सांगते. दहा सेकंदही तासासारखी वाटतात आणि पॅनेलवरचं कुणीतरी मदतीला धावतंच. धावू नका. तो मुलगा खाली बघत होता. मग म्हणाला, ‘दुधाचा टेम्पो नव्हता आला एकदा.’ वडील आजारी असताना गावातलं दूध संकलन तो बघत होता. चाळीस लिटरचे सहा कॅन भरून ठेवलेले, उन्हाळ्याचे दिवस. ‘आम्ही मग दुसरी गाडी बघितली,’ असं म्हणून तो थांबला. सीनियरने विचारलं, ‘यात तू स्वतः काय केलंस?’ तेव्हा कळलं, की त्याने आधी डेअरीत फोन करून अर्धा तास थांबायला सांगितलं, मग भाजी नेणाऱ्या पिकअपवाल्याला गाठलं आणि तोपर्यंत कॅनवर ओली पोती टाकून ठेवली. आधी फोन, मग गाडी. हॉस्पिटॅलिटीला याहून वेगळं काय लागतं?

त्याला ‘हे पाठ करून आलास का?’ असं विचारलं असतं तर तो तिथेच संपला असता. पाठ करणारा खोटारडा असतो असं नाही. पुष्कळदा तो इंग्रजीला घाबरलेला असतो, एवढंच.

मदत करण्याच्या नादात उलटी चूकही होते. ‘म्हणजे तू पॅनिक झाला नाहीस, हो ना?’ याला कुणीही ‘हो’च म्हणेल. मग शीटवर जे उतरतं ते तुमचं उत्तर असतं, त्याचं नाही. ‘काय, कधी, कुणी, मग पुढे’ याने सुरू होणारे प्रश्न विचारा आणि शक्यता त्याच्या तोंडात घालू नका.

किती वेळा वळवायचं? आम्ही एका प्रश्नाला दोनदा असं ठरवलंय. दोनदा वळवूनही नेमकं काही येत नसेल तर ‘ठीक आहे, हा इथेच ठेवू, पुढच्याकडे जाऊ’ म्हणायचं आणि हसून पुढे जायचं. कधीकधी सांगण्यासारखा प्रसंग खरंच नसतो, आणि ते कळणं हेही उत्तरच आहे. पण हा दोनचा आकडा सगळ्यांना सारखा हवा. आवडलेल्या उमेदवाराला चार वेळा आणि कंटाळा आणणाऱ्याला शून्य वेळा, असं फार पटकन होतं, विशेषतः जेवणानंतरच्या बॅचला. म्हणून शीटवर प्रत्येक प्रश्नापुढे छोटा चौकोन काढा आणि वळवलंत की रेघ मारा. संध्याकाळी त्या रेघा बघितल्या की कुणावर अन्याय झालाय ते दिसतं. तसे दोन जण आम्ही गेल्या वर्षी परत बोलावले.

शीटवर ‘कॉन्फिडंट’, ‘कन्फ्यूज्ड’ असले शेरेही नकोत. ‘आधी डेअरीला फोन, मग पिकअप’ असं लिहा. पाल्हाळ लावलं म्हणून गुण कापायचे का, हे कामावर ठरवा. सूत्रसंचालनासाठी उमेदवार बघताय तर जरूर कापा, तिथे थोडक्यात बोलणं हेच काम आहे. पार्किंग सांभाळणारा बोलघेवडा असला तर बिघडलं कुठे?

आणि शेवटचं अर्धं मिनिट त्याच्यासाठी राखून ठेवा. ‘मी तुला मधेच थांबवलं होतं. त्यातलं काही सांगायचं राहिलं का?’ बरेच जण ‘नाही’ म्हणून उठतात. त्या मुलीला मी हे विचारलं असतं, तर ट्रॅक्टरची गोष्ट मला कॅन्टीनमध्ये ऐकावी लागली नसती.