अंगठी कुणाची?

पावसाळ्यात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कुणी थंडीतापाने कुडकुडत आलं, की आरोग्यसेवक बोटाला टोचून एकाच काचपट्टीवर रक्ताचे दोन थर करतो. एक जाड, साधारण सेंटिमीटरभर रुंदीचा. तो इतका जाड हवा, की काच वर्तमानपत्रावर ठेवल्यावर खालची अक्षरं जेमतेम वाचता यावीत. दुसरा थर दुसऱ्या काचेच्या कडेने पुढे ओढलेला, इतका पातळ की लाल पेशी एकमेकींवर न चढता शेजारीशेजारी बसतात.

दोन्ही थरांची कामं वेगळी. पातळ थर मेथिल अल्कोहोलने पक्का केला जातो, म्हणून लाल पेशी शाबूत राहतात. जाड थराला अल्कोहोल लावायचंच नाही. रंगवताना पाण्यात त्याच्या लाल पेशी फुटून जातात आणि मागे पांढऱ्या पेशी, बिंबाणू आणि परजीवी एवढंच उरतं. थोड्या जागेत जास्त रक्त तपासलं जात असल्याने थोडे परजीवी असले तरी जाड थरात सापडतात. पण पेशीच नसल्यावर परजीवी कोणत्या पेशीत होता, ती फुगली होती का, हे कळणार कसं? जात ओळखायला म्हणूनच पातळ थराकडे यावं लागतं.

समजा, एका रुग्णाच्या जाड थरात तंत्रज्ञाला निळी कडी आणि तिच्यावर लाल ठिपका अशा ‘अंगठ्या’ दिसल्या. निळा तो परजीवीचा पेशीद्रव, लाल ते केंद्रक. 200 पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत 150 अंगठ्या झाल्या. एका मायक्रोलिटर रक्तात 8,000 पांढऱ्या पेशी धरायची पद्धत आहे, म्हणजे 150 गुणिले 40, मायक्रोलिटरला 6,000 परजीवी. हिवताप आहे हे ठरलं. कोणता, हे अजून ठरायचं आहे.

आपल्याकडे मुख्य सामना दोघांशी: व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. व्हायव्हॅक्स कोवळ्या लाल पेशी पसंत करतो. तो शिरलेली पेशी शेजारणींपेक्षा मोठी दिसते आणि रंग नीट बसला असेल तर तिच्यात बारीक गुलाबी ठिपके उमटतात. रंगाचं पाणी आम्लधर्मी झालं की हे ठिपके उठत नाहीत, त्यामुळे पीएच 7.2 सांभाळावाच लागतो. व्हायव्हॅक्सच्या पट्टीवर बहुधा सगळ्या वयाचे परजीवी एकत्र भेटतात: अंगठ्या, वेड्यावाकड्या पसरलेल्या वाढत्या अवस्था, डझन-दोन डझन पिल्लांनी भरलेल्या पक्व अवस्था.

आपल्या रुग्णाच्या पातळ थरात मात्र नुसत्या अंगठ्याच आहेत. नाजूक, पेशीच्या पाचव्या भागाएवढ्या. काहींना दोन लाल ठिपके, काही पेशीच्या कडेला चिकटलेल्या, एकाच पेशीत कुठे दोन-तीन. पेशी मात्र फुगलेली नाही. हा फाल्सिपेरम. वाढत्या अवस्था गेल्या कुठे? परजीवी मोठा होऊ लागला, की त्याची लाल पेशी मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते आणि बोटाच्या रक्तात येत नाही. फाल्सिपेरम जीवघेणा ठरतो त्यामागे हे चिकटणं मोठं कारण आहे. त्यामुळे मोजलेले 6,000 हा प्रत्यक्षाहून कमी आकडा असू शकतो. पांढऱ्या पेशींत परजीवीचे तपकिरी-काळे रंगकण दिसले, तर मी तो धोक्याचा इशारा मानेन, मोजणी कमी आली असली तरी.

पण फक्त अंगठ्या दिसल्या म्हणून फाल्सिपेरम म्हणून मोकळं होता येत नाही. व्हायव्हॅक्सच्या चक्राच्या सुरुवातीला रक्त घेतलं तर तिथेही बहुतेक अंगठ्याच असतात. तेव्हा पेशीच्या आकाराकडे पाहायचं. कधी दोन्ही परजीवी एकाच रक्तात असतात, म्हणून एकाची खूण पटल्यावर दुसऱ्याचा शोध थांबवायचा नाही. लाल पेशीवर बसलेला बिंबाणूही परजीवीसारखा भासतो, पण त्यात निळा आणि लाल असे दोन वेगळे भाग नसतात.

फाल्सिपेरमची शंकेला जागा न ठेवणारी खूण म्हणजे केळ्याच्या आकाराची लैंगिक अवस्था. ती अंगठ्यांनंतर साधारण दहा दिवसांनी रक्तात येते, त्यामुळे पहिल्या तापात बहुधा नसते. उलट, उपचारानंतर ताप उतरलेल्या माणसाच्या पट्टीवर नुसती ‘केळी’ दिसली, तर औषध फसलं असं समजू नये. अंगठ्या मारणारी औषधं या पक्व अवस्थांवर फारशी चालत नाहीत. त्यांनी ताप येत नाही, पण डासाने त्या शोषल्या तर आजार पुढे जातो. म्हणून फाल्सिपेरमच्या उपचारात प्रायमाक्वीनचा एक डोस असतो. व्हायव्हॅक्समध्ये तेच औषध 14 दिवस द्यावं लागतं, कारण तिथे यकृतात दडलेले परजीवी पुन्हा उठतात.

जाड थराची 100 क्षेत्रं पाहूनही काही सापडलं नाही आणि ताप थांबत नसेल, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा रक्त घ्यावं. फाल्सिपेरमची एक पिढी आत चिकटून असेल, तर तिची पिल्लं बाहेर पडून नव्या अंगठ्या होईपर्यंत बोटाच्या रक्तात फारसं काही दिसत नाही.