रस्त्याचे शंभर लाख आणि दुकानातले नव्वद

मॅडमनी फळ्यावर आधी रस्ता काढला. दोन समांतर रेघा, मध्ये तुटक पट्टी, आणि वर आकडा: १०० लाख. खाली चार रकाने आखले आणि त्यांना नावं दिली: फेरी, मिळाले, खर्चले, साठले. बीए दुसऱ्या वर्षाचा स्थूल अर्थशास्त्राचा तास, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज. मागच्या बाकांवरची मुलं मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर उघडून तयार होती.

मी तिथं गेलो तो एका भाषणामुळे. रस्त्याच्या भूमिपूजनाला एक वक्ते ठासून म्हणाले, सरकारनं इथं टाकलेल्या एका रुपयाचे पाच रुपये होतात, हे शास्त्र आहे. टाळ्या पडल्या. हा ‘पाच’ कुठून येतो ते मला बघायचं होतं. तो फळ्यावरून येतो, आणि यायला वीस मिनिटंही लागत नाहीत.

रीत अशी. सरकारनं रस्त्यावर जादा १०० लाख खर्च केले. ते कुणाच्या तरी हाती उत्पन्न म्हणून पडले. माणसाला जादा रुपया मिळाला की तो सगळा उडवत नाही, थोडा राखून ठेवतो. जादा रुपयातला जेवढा भाग खर्च होतो त्याला सीमांत उपभोग प्रवृत्ती म्हणतात. मॅडमनी ती ०.८ धरली. म्हणजे १०० तले ८० खर्च झाले आणि २० साठले. ते ८० दुसऱ्या कुणाचं उत्पन्न झाले, त्यातले ६४ खर्च झाले आणि १६ साठले. ६४ तून ५१.२. इथं एका मुलानं मान वर करून विचारलं, “मॅडम, म्हणजे एक्कावन्न लाख वीस हजार?” त्याला पॉइंटातले लाख नको होते, रोकड हवी होती. मॅडमनी आकड्याखाली तसं लिहून दिलं.

फेऱ्या कधी संपत नाहीत, फक्त बारीक होत जातात. म्हणून बेरजेसाठी सूत्र: १ भागिले (१ वजा ०.८), म्हणजे ५, हाच गुणक. शंभर गुणिले पाच, ५०० लाख. वह्यांमध्ये ५०० ला चौकट पडली. बहुतेक ठिकाणी हा धडा इथंच संपतो.

मॅडमनी तो संपवला नाही. त्यांनी पहिल्या पाच फेऱ्यांची बेरीज करायला लावली. ती ३३६ लाख आली. दहा फेऱ्यांनंतरही ४४६ च. “फेरी म्हणजे काय, एक दिवस?” त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. मजुराचा पगार, वाण्याची उधारी, वाण्याचं व्यापाऱ्याकडचं बिल, प्रत्येक टप्प्याला आठवडे जातात. पाचशेचा शेवटचा भाग येईपर्यंत रस्त्याला खड्डे पडलेले असतात. आणि हा खर्च एकदाच झालेला असेल तर उत्पन्न ५०० नं वाढून तिथंच थांबत नाही. लाट येते, ओसरते, पाचशे ही त्या सगळ्या लाटेची बेरीज असते. उत्पन्न कायम वर राहायचं तर दर वर्षी शंभर घालावे लागतात. परीक्षेत निम्मी मुलं इथं चुकतात, असं त्या म्हणाल्या.

उत्तर ताडून बघायची त्यांची युक्ती मला फार आवडली. ‘साठले’ रकान्याची बेरीज घ्यायची: २०, १६, १२.८ असं करत. ती बरोबर १०० यायला हवी. आली नाही तर गणित चुकलं. जितके पैसे ओतले तितके सगळे कुठे ना कुठे गळून जाईपर्यंतच हा खेळ चालतो. पाच हा आकडा गळतीवर ठरतो, सरकारच्या औदार्यावर नाही.

मग खिडकीकडच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिच्या घरचं किराणा दुकान आहे. ती म्हणाली, “मॅडम, आमच्या दुकानात शंभर रुपयांचा माल विकला तर नव्वद कंपनीला जातात. ते आमचं उत्पन्न कसं?”

मॅडमनी खडू खाली ठेवला. मला वाटतं, त्या तासातला अर्थशास्त्राचा खरा प्रश्न हाच होता, आणि तो नव्वद मी घरी आल्यावरही मोजत राहिलो. पाचाच्या गणितात दुकानात खर्चलेले ८० जसेच्या तसे दुकानदाराचं उत्पन्न धरले जातात. पण विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. त्या नव्वदातूनही साबणाच्या कारखान्यातल्या कामगाराचा पगार निघतो, ट्रकवाल्याचं भाडं निघतं, कंपनीचा नफा निघतो. देशाच्या हिशेबात ते सगळं उत्पन्नच आहे, फक्त आयात केलेला भाग सोडून. पण तालुक्याच्या हिशेबात ते नव्वद एसटी स्टँड ओलांडून गेलेले असतात. भूमिपूजनाच्या वक्त्यांनी देशाचा पाच उचलून तालुक्याच्या मांडवात ठेवला होता. आणि देशासाठीसुद्धा तो मोठाच. जादा रुपयातले २५ पैसे करात गेले असं धरलं, तरी ०.८ चा ०.६ होतो आणि पाचाचा अडीच.

मॅडमनी फळा पुसला आणि गणित तालुक्यापुरतं मांडायला घेतलं. रस्त्याच्या १०० लाखांत डांबर, डिझेल, यंत्रांचं भाडं, बाहेरच्या ठेकेदाराचा नफा, हे सगळं पहिल्याच दिवशी बाहेर. गावात पडतात ते मजुरी, ट्रॅक्टर, स्थानिक खडी यांचे पैसे. मुलांनी वाद घालून ते ३५ लाख ठरवले. आकडा गृहीतच आहे, पण निदान कुणीतरी त्याच्याशी भांडलं तरी. कर बाजूला ठेवला. मजूर आणि ट्रॅक्टरवाले रुपयातले ८० पैसे खर्च करणार. त्यातले निम्मे दुकानातल्या मालावर, जिथं शंभरातले नव्वद बाहेर जातात आणि दहाच उरतात. निम्मे दूध, भाजी, शिकवणी, न्हावी, गावातला डॉक्टर यांच्यावर. हा भाग पूर्ण गावात राहतो असं धरलं. म्हणजे खर्चलेल्या रुपयातले ५५ पैसे गावात टिकतात, आणि ०.८ चे ५५ टक्के म्हणजे ०.४४. तालुक्यासाठी सीमांत प्रवृत्ती ही: ०.४४, ०.८ नव्हे.

आता फेऱ्या: ३५, मग १५.४, मग पावणेसातच्या आसपास, मग तीन. चौथ्या फेरीतच रकाना आटला. ३५ ला ०.५६ नं भागलं आणि उत्तर आलं ६२.५ लाख.

पाचशेच्या जागी साडेबासष्ट.

ताळा लगेच झाला. ६२.५ लाखांतले साडेबारा साठले, साडेबावीस दुकानांतून बाहेर गेले. बेरीज ३५. त्यात पहिल्या दिवशी गेलेले ६५ मिळवा. शंभरातले साडेसत्त्याऐंशी लाख तालुक्याबाहेर गेले. खिडकीजवळची मुलगी म्हणाली, “म्हणजे जवळजवळ नव्वदच.” दुकानातला नव्वद आणि रस्त्यातला नव्वद वेगवेगळ्या वाटेनं आले होते, जुळले ते योगायोगानंच. मॅडमनी तिला तसं सांगितलं. पण वर्गाला ते पटलं असं दिसलं नाही.

गुणकाची निंदा करायला मी हे लिहीत नाही. रिचर्ड कान या केंब्रिजच्या तरुण अर्थशास्त्रज्ञानं १९३१ साली ही कल्पना मांडली तीच मुळी सार्वजनिक कामं आणि बेकारी यांच्या संदर्भात, आणि त्यानं गळत्या पहिल्यापासून मोजल्या होत्या: परदेशी मालावर जाणारा पैसा, आणि कामाला लागलेल्या माणसाचा सरकारकडून वाचणारा बेकारभत्ताही. केन्सनं १९३६ च्या ग्रंथात तिला मध्यवर्ती जागा दिली. पुढे पाठ्यपुस्तकांनी सोयीसाठी गळत्या काढून टाकल्या आणि ०.८ तेवढा राहिला, कारण त्यानं पाच हा गोल आकडा येतो. मोजणाऱ्यांना पाच सापडत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेतल्या सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी २०१३ साली भारतासाठी अंदाज काढला तेव्हा सरकारच्या भांडवली खर्चाचा गुणक २.४५ आला आणि थेट हस्तांतराचा ०.९८.

तालुक्याला ह्या गणितातून काय मिळतं ते पुढच्या प्रश्नात कळलं. तेच १०० लाख, पण नालाबांधासारखं काम माणसांकडून करून घेतलं तर? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठरवलेलं होतं. समजा ६० लाख मजुरीत गेले आणि साहित्य सगळं बाहेरून आलं. ६० भागिले ०.५६, म्हणजे १०७ लाख. गुणक तोच, १.७९. वाढली ती पहिली फेरी. डांबरी रस्त्यापेक्षा नालाबांध तालुक्यात जवळजवळ पावणेदोनपट उत्पन्न फिरवतो. हे भाषणात कुणी सांगत नाही, कारण नालाबांधावर नारळ फोडायला कुणी येत नाही. रस्त्याचं स्वतःचं मोल वेगळं, ऊस वेळेवर कारखान्यात पोचतो वगैरे. पण ते गुणकाच्या खात्यात येत नाही, आणि दोन्ही खाती मिसळूनच पाच टिकवला जातो.

तास संपायला पाच मिनिटं असताना मघाच्या एक्कावन्न लाख वीस हजारवाल्यानं विचारलं, “मॅडम, मजुराच्या हातात पैसे आले, त्यानं जास्त दूध मागितलं, पण दूध वाढलंच नाही तर?”

हा प्रश्न केन्सचेच विद्यार्थी व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ साली भारताबद्दल विचारला होता, आणि त्यांचं उत्तर निराश करणारं होतं. गुणक चालायला रिकामी यंत्रं आणि लगेच वाढवता येणारं उत्पादन लागतं. मंदीतल्या इंग्लंडमध्ये ते होतं. शेतीप्रधान देशात बेकारी असते, पण दुसऱ्या फेरीतला पैसा धान्य आणि दुधावर जातो, आणि ते मागणीनुसार त्या हंगामात वाढत नाही. मग पैसा फिरतो आणि भाव वाढतात. मॅडमनी फळ्यावर आणखी एक ओळ लिहिली: गावात टिकणाऱ्या पैशातला दुधाचा भाग भाववाढीत गेला तर ६२.५ रुपयांतच राहतील, लिटरमध्ये नाही. दूधवाल्याचं उत्पन्न वाढेल आणि मजुराच्या घरी दूध तेवढंच येईल. पुढच्या तासाला त्यांनी हेच गणित करून आणायला सांगितलं: दुधाचा भाव दहा टक्के वाढला आणि लिटर तेवढेच राहिले, तर ६० लाख मजुरीतले खरे किती उरले?

मुलीनं वहीत प्रश्न उतरवला आणि खाली लगेच स्वतःचा आकडा मांडायला सुरुवात केली. निम्म्यातलं दूध किती, भाजी किती, हे तिला दुकानामुळे बऱ्यापैकी ठाऊक असावं. मुलगा म्हणत होता की दहा टक्के कमीच आहे, मागच्या उन्हाळ्यात भाव त्याहून चढला होता.