प्रतीक्षायादीत नाव लागलं, आता?

सरकारी भरतीत निवड समितीने प्रतीक्षायादीत टाकलं की पुष्कळजण नुसतीच वाट पाहतात. त्यापेक्षा चार ओळींचा अर्ज द्यावा: ‘निवडलेला उमेदवार रुजू झाला नाही, तर माझा विचार व्हावा. नोटीस देऊन मी महिनाभरात रुजू होऊ शकेन.’ आपला क्रमांक, प्रवर्ग आणि यादीची मुदतही त्यातच विचारावी. मुदत संपली की यादीही संपते. नंतर निघालेल्या नव्या जागांवर तिचा हक्क नसतो. अर्जाने क्रमांक वर सरकत नाही (ओळखीने सरकतो म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा), पण बदललेला फोन नंबर मात्र कार्यालयात पोहोचतो. निवडयादीत नाव असलं म्हणून नेमणुकीचा हक्क मिळतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. तेव्हा नेमणूकपत्र हाती पडेपर्यंत आहे ती नोकरी सोडू नका.