प्रमाणपत्राचा कागद काय सांगतो

प्रमाणपत्र तपासताना ते आधी उजेडासमोर धरावे. खरा जलचिन्हाचा ठसा कागद ओला असतानाच उमटवलेला असतो. तिथे लगद्याची जाडी कमी-जास्त होते, म्हणून तो आरपार उजेडात स्पष्ट दिसतो आणि कागद टेबलावर ठेवला की जवळजवळ नाहीसा होतो. फिकट शाईने छापलेले नकली चिन्ह टेबलावरही दिसत राहते.

मग चौकटीची बारीक रेघ दहापट भिंगाखाली पाहावी. सूक्ष्मछपाईत ती रेघ अक्षरांचीच बनलेली असते. समजा, अक्षर 0.2 मिलिमीटर उंच आहे. इंचाला 600 ठिपके छापणाऱ्या यंत्राला त्या उंचीत जेमतेम पाच ठिपके मिळतात. त्यामुळे नकलेत अक्षरांऐवजी तुटक, धूसर रेघ उरते.

उठावाच्या शिक्क्यावरून बोट फिरवावे. पुढे उंचवटा असेल तिथे मागे खळगा लागतो. होलोग्राम तिरका केल्यावर रंग आणि चित्र बदलते. फोटोकॉपीत ते गोठून जाते. मात्र चकचकीत तयार स्टिकर बाजारात मिळतात, म्हणून चित्रात संस्थेचेच चिन्ह आहे का, हे पाहावे.

खऱ्या कागदावरचे नावही खोडून बदलता येते. त्यामुळे अनुक्रमांक देणाऱ्या संस्थेच्या नोंदीशी ताडल्यावरच तपासणी पूर्ण होते.