नारंगी द्रावण हिरवं कधी होतं?

तीन परीक्षानळ्यांत आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचं नारंगी द्रावण घेतलं. पहिलीत इथेनॉल, दुसरीत आयसोप्रोपिल अल्कोहोल, तिसरीत टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल घालून गरम पाण्यात ठेवलं, तर पहिल्या दोन हिरव्या होतात. तिसरी नारंगीच राहते.

कारण साधं आहे. ऑक्सिडीकरणात OH गटाच्या कार्बनवरचा हायड्रोजन निघतो आणि त्या कार्बनचा ऑक्सिजनशी दुहेरी बंध जुळतो. तृतीयक अल्कोहोलात त्या कार्बनवर हायड्रोजनच नसतो. आयसोप्रोपिलमध्ये एकच असतो, म्हणून ॲसिटोन तयार झालं की गाडी थांबते.

इथेनॉलकडे असे दोन असतात. त्याचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि उकळत ठेवलं तर ॲसिटिक आम्ल. ॲसिटाल्डिहाइडच हवं असेल, तर ते तयार होताच ऊर्ध्वपातनाने बाहेर काढावं लागतं. ते साधारण 21 अंशांनाच उकळतं, म्हणून हे जमतं.

जड अल्डिहाइडं अशी सहज निसटत नाहीत. तिथे कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये पीसीसी वापरतात. अल्डिहाइडला पाणी जोडलं गेलं, की त्याच्या कार्बनवर पुन्हा OH येतो आणि तोच पुढे आम्लाकडे नेतो. पाणीच नसलं, की अल्डिहाइड तसंच हाती लागतं. भांडं ओलं राहिलं, तर मात्र त्यात आम्लाची भेसळ होते.