मालक वाशिमला, गिऱ्हाईक मानोऱ्याला

दुकानांच्या साखळीत खरेदी, साठा, दर आणि उधारी यांचे निर्णय मुख्य दुकानात होत असतील तर ते केंद्रीकरण, आणि शाखेचा व्यवस्थापक ते घेत असेल तर विकेंद्रीकरण. समजा, एका कृषी सेवा केंद्राचे मुख्य दुकान वाशिमला आहे आणि रिसोड, कारंजा, मानोरा येथे शाखा निघाल्या आहेत. या विषयावरचे बहुतेक गैरसमज अशा साखळीतल्या सोयाबीन बियाण्याच्या व्यवहारातच उलगडतात.

गैरसमज : वाढत्या साखळीने दोहोंपैकी एक पद्धत निवडायची असते.

निवड साखळीची नसते, एकेका निर्णयाची असते. बियाणे कंपनीशी सवलत आणि माल परत घेण्याच्या अटी ठरवायच्या तर चारही दुकानांची मागणी एकत्र मांडणे फायद्याचे. एकट्या शाखेला तेवढे वजन नसते. पण कोणते वाण किती मागवायचे, हे शाखेलाच अधिक कळते. पैनगंगेकाठच्या भारी जमिनीत उशिरा येणारे केडीएस-७२६ चालते, तर मानोऱ्याकडच्या हलक्या जमिनीला लवकर हाती येणारे जेएस-९३०५ बरे. चारही दुकानांना सारख्या गोण्या वाटल्या तर एका ठिकाणी माल संपतो आणि दुसरीकडे पडून राहतो. सोयाबीनचे पडून राहिलेले बियाणे पुढच्या हंगामासाठी भरवशाचे नसते. त्याचे कवच नाजूक असते आणि साठवणीत उगवण लवकर घटते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते.

काही बाबतींत तर निवडीला जागाच नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची कमाल किंमत सरकार ठरवते, त्यामुळे त्यापेक्षा जास्त दर ना मुख्य दुकान लावू शकत, ना शाखा.

गैरसमज : साठा एकत्र ठेवला की राखीव माल नेहमीच निम्म्यावर येतो.

हिशेब खरा आहे, पण अटीवर. प्रत्येक दुकानाला अनपेक्षित मागणीसाठी ४० गोण्या राखीव लागत असतील तर चारही दुकानांच्या मिळून १६० होतात. चारही ठिकाणची मागणी सारख्याच प्रमाणात, पण एकमेकींशी संबंध न ठेवता वरखाली होत असेल, तर एकत्रित राखीव साठा साधारण ८० पुरतो. वाशिम जिल्ह्यात ही अट सहसा पाळली जात नाही. पाऊस लांबला की चारही तालुक्यांतले शेतकरी एकाच वेळी लवकर येणारे वाण मागतात, आणि मग बचत बरीच आटते. शिवाय बियाणे विक्रीचा परवाना प्रत्येक विक्रीस्थळाचा वेगळा असतो. गोण्या एका दुकानातून दुसऱ्याकडे गेल्या की दोन्हीकडच्या साठा नोंदवहीत ते दिसावे लागते. पेरणीच्या धांदलीत हे टाळले जाते आणि तपासणीत अडचण येते.

गैरसमज : संगणकावर सगळे दिसत असेल तर मुख्य दुकानच अचूक ठरवू शकते.

संगणकाला विकलेली गोणी दिसते; वाण नसल्याने रिकाम्या हाती परतलेला शेतकरी दिसत नाही. विक्री शून्य म्हणजे मागणी शून्य, असा अर्थ त्यातून काढला जातो. वेळेचाही प्रश्न असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणी करावी, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. तेवढा पाऊस पडला की तिन्ही शाखांचे फोन एकाच दिवशी मालकाला येतात, आणि उत्तर मिळेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलेले असते.

इंग्लंडमधल्या वॉटरस्टोन्स या पुस्तक दुकानांच्या साखळीत जेम्स डाँट यांनी २०११ नंतर नेमकी हीच गाठ सोडवली. प्रकाशकांकडून पैसे घेऊन ठरावीक पुस्तके सगळीकडे दर्शनी मांडण्याची प्रथा त्यांनी बंद केली आणि कोणती पुस्तके पुढे ठेवायची हे दुकानांवर सोपवले. न खपल्याने प्रकाशकांकडे परत जाणाऱ्या पुस्तकांचे प्रमाण त्यानंतर खूप घटले.

गैरसमज : शाखेला अधिकार दिला की उधारी हाताबाहेर जाते.

मर्यादा न आखता अधिकार दिला तरच असे होते. कोणाचे पीक कसे आहे, कोण दिवाळीपूर्वी सोयाबीन विकून पैसे देतो, हे शाखेला माहीत असते. एकाच शेतकऱ्याने रिसोड आणि वाशिम दोन्हीकडे उधार उचलले आहे, हे मात्र एकट्या शाखेला दिसत नाही. म्हणून उधारीची यादी आणि प्रत्येक खात्याची कमाल रक्कम मुख्य दुकानाकडे असावी. तिच्या आत द्यायचे की नाही हे व्यवस्थापकाने ठरवावे आणि मर्यादा ओलांडायची असेल तरच विचारावे.

कोणताही निर्णय कुठे असावा हे तीन गोष्टींवरून ठरवता येते : त्यासाठी लागणारी माहिती कोणाकडे आहे, उत्तर किती तासांत हवे, आणि चूक झाली तर फटका एका शाखेला बसेल की सगळ्यांना. तिसरी गोष्ट सर्वांत जड. बनावट किंवा मुदत संपलेले कीटकनाशक एका शाखेत विकले गेले तरी नाव सगळ्या साखळीचे जाते, म्हणून पुरवठादार कोण असावा हे शाखेने ठरवू नये. वाटणी चुकली आहे की नाही, हे हंगाम संपल्यावर दोन नोंदींतून कळते. मालकाने जवळपास प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटलेले प्रश्न शाखेकडे द्यायला हवे होते. ज्या शाखेत एकच वाण वर्षानुवर्षे उरते, तिथे मात्र अंदाज कोण करतो हे तपासावे लागते. तो मुख्य दुकानाचा असेल तर प्रमाण शाखेने ठरवावे. शाखेचाच असेल तर आधी त्यावर मर्यादा घालावी.