पाइपाच्या बिलातली दोन सुटी

दहिवडीचा दुकानदार म्हसवडच्या दुकानदाराला 50,000 रुपये यादी-किमतीचे पीव्हीसी पाइप उधार देतो, असे समजू. व्यापारी सूट 10 टक्के. शिवाय दहा दिवसांत पैसे दिल्यास करापूर्वीच्या रकमेवर 2 टक्के रोख सूट.

व्यापारी सूट बिलातच वजा होते, वहीत तिची वेगळी नोंद नसते. उरलेल्या 45,000 वर 18 टक्के जीएसटी 8,100. व्यवहार राज्यातलाच, म्हणून केंद्राचे 4,050, राज्याचे 4,050. नोंद अशी: म्हसवडकर नावे 53,100, विक्री जमा 45,000, दोन्ही कर जमा 8,100.

चूक पुढे होते. रोख सूट मिळणारच, असे धरून ती आधीच वजा केली की कर 44,100 वर निघतो, 162 रुपये कमी. पण गिऱ्हाईक दहा दिवसांत पैसे देईल याचा भरवसा काय? बिलाच्या दिवशी ती सूट मिळालेलीच नसते.

नवव्या दिवशी पैसे आले, तर बँक नावे 52,200, दिलेली रोख सूट नावे 900, म्हसवडकर जमा 53,100. कर 8,100 च राहतो. तोही घटवायचा, तर करासह क्रेडिट नोट काढावी लागते आणि खरेदीदाराला तेवढे इनपुट क्रेडिट परत करावे लागते. 162 रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करतो!